हँडब्रेक ओढलेली गाडी उतारावर नेमकी कधी घसरते?

हिवाळ्यात मनाली आणि रोहतांगच्या रस्त्यांवर बर्फ पडू लागला की एका विशिष्ट प्रकारच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. बर्फाळ उतारावर गाडी थांबते, काही क्षण स्थिर उभी राहते, चालक हँडब्रेक ओढून खाली उतरतो आणि दोनचार सेकंदांत गाडी अगदी सावकाश खाली सरकू लागते. मागची चाके फिरत नसतात, म्हणजे ब्रेक लागलेला असतो, तरीही गाडी थांबत नाही. पाहणाऱ्याला वाटते की हँडब्रेक निकामी झाला असावा किंवा चालकाने तो नीट ओढला नसावा. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच घडलेले नसते. ब्रेकने आपले काम केलेले असते, पण चाक आणि रस्ता यांच्यातील पकड अपुरी पडलेली असते.

पण मग चालक आत बसलेला असताना तीच गाडी स्थिर का होती? या प्रश्नाचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रातल्या एका छोट्या सूत्रात आहे. मात्र ते सूत्र ज्या गृहीतकावर उभे आहे, ते गृहीतक रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत सहसा खरे नसते.

उतार टक्क्यांत मोजणे सोयीचे का आहे

रस्त्याचा उतार सांगताना अभियंते सहसा अंशांऐवजी टक्के वापरतात. आडव्या दिशेने १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ७ मीटर वर चढत असेल, तर तो ७ टक्क्यांचा चढ झाला. इथे एक गैरसमज नेहमी होतो. १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे, तर ४५ अंशांचा चढ होय, कारण तिथे जितके पुढे जावे तितकेच वर चढावे लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ भागातील रस्त्यांचा चढ सर्वसाधारणपणे ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास ठेवला जातो आणि अपवादात्मक ठिकाणीच तो ७–८ टक्क्यांपर्यंत जातो. डोळ्यांना घाट भयंकर तीव्र वाटतो, पण ७ टक्के चढ म्हणजे जेमतेम ४ अंश. आपली नजर चढाचा अंदाज नेहमी वाढवून करते, एवढे लक्षात ठेवावे.

जगातील सर्वांत तीव्र उताराचा रस्ता म्हणून न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातील बाल्डविन स्ट्रीटची नोंद आहे. २०१९ मध्ये हा मान वेल्समधील हार्लेक गावच्या एका रस्त्याकडे गेला होता. पुढे मोजणी रस्त्याच्या कडेने करायची की मध्यरेषेने, यावर वाद झाला, आणि २०२० मध्ये मध्यरेषेच्या मोजणीनुसार तो बाल्डविन स्ट्रीटला परत मिळाला. त्याच्या सर्वांत तीव्र भागाचा चढ सुमारे ३५ टक्के, म्हणजे १९ अंशांहून थोडा अधिक आहे. तो भाग काँक्रीटचा आहे, कारण इतक्या उतारावरचे डांबर उन्हाने मऊ होऊन खाली ओघळण्याची भीती असते. पुढील हिशेबासाठी हाच रस्ता घेऊ, कारण सूत्राची परीक्षा पाहण्याइतका तीव्र रस्ता दुसरीकडे क्वचितच सापडतो.

वजनाची दोन कामे

सोयीसाठी १,००० किलोची एक छोटी मोटार घेऊ आणि बल न्यूटनमध्ये मोजण्याऐवजी ‘इतक्या किलोच्या वजनाएवढे’ असे म्हणू. सपाट जमिनीवर गाडीचे सगळे वजन रस्त्याला सरळ खाली दाबते. उतारावर त्याच वजनाचे दोन परिणाम दिसतात. एक भाग गाडीला रस्त्याच्या पृष्ठावर दाबून धरतो आणि दुसरा भाग तिला उताराच्या दिशेने ओढतो. बाल्डविन स्ट्रीटवर या गाडीला खाली ओढणारा भाग सुमारे ३३० किलोंचा आणि दाबणारा भाग सुमारे ९४४ किलोंचा असतो. या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढले तर ०.३५ येते, म्हणजे नेमका रस्त्याचा ३५ टक्के चढ. हा योगायोग नाही. कोणत्याही उतारावर ओढ आणि दाब यांचे गुणोत्तर त्या उताराच्या प्रमाणाइतकेच असते.

आता पकडीकडे वळू. स्थिर वस्तू सरकू नये म्हणून दोन पृष्ठभागांमध्ये जो विरोध निर्माण होतो, त्याला स्थितिक घर्षण म्हणतात. ते गरजेपुरतेच वाढते, पण त्याला एक कमाल मर्यादा असते. ही कमाल मर्यादा आणि पृष्ठावरचा दाब यांचे गुणोत्तर म्हणजे घर्षणांक, जो μ या ग्रीक अक्षराने दाखवतात. सुकलेल्या काँक्रीटवर चांगल्या टायरचा घर्षणांक साधारण ०.८ धरता येतो. याचा अर्थ असा की १०० किलोंच्या दाबामागे टायर जास्तीत जास्त ८० किलोंची ओढ सहन करू शकतो.

गाडीची चारही चाके पूर्ण जाम असतील, तर सगळ्या दाबाचा उपयोग पकडीसाठी होतो. मग गाडी सुटण्याची सीमा कुठे असेल, हे सांगणे सोपे आहे. ओढ आणि दाब यांचे गुणोत्तर घर्षणांकाइतके झाले की सीमा आली. सूत्ररूपात:

tan θ = μ

येथे θ हा उताराचा कोन आहे आणि tan θ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून चढाचे तेच प्रमाण आहे. म्हणून कोष्टके किंवा गणकयंत्र यांची गरजच पडत नाही. घर्षणांक ०.८ असेल तर कमाल उतार ८० टक्के, ०.५ असेल तर ५० टक्के. अंशांत सांगायचे तर ८० टक्के म्हणजे जवळपास ३९ अंश.

हा आकडा घरीही पडताळता येतो. रबरी तळाची चप्पल एका फळीवर ठेवावी आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. चप्पल सुटते त्या क्षणी फळीच्या टोकाची उंची मोजून तिला जमिनीवरच्या आडव्या अंतराने भागावे. येणारी संख्या म्हणजे त्या जोडीचा घर्षणांक. फळी ओली करून हाच प्रयोग पुन्हा केला की संख्या किती खाली येते ते दिसते.

जड गाडी अधिक घट्ट उभी राहत नाही का?

ही शंका स्वाभाविक आहे आणि ती नेहमी विचारली जाते. जड गाडी रस्त्याला अधिक दाबते, त्यामुळे तिची पकड अधिक असते, हे खरेच आहे. पण तिला खाली ओढणारा भागही त्याच प्रमाणात वाढतो. २,००० किलोच्या गाडीची ओढ ६६० किलो आणि दाब १,८८८ किलो होईल, गुणोत्तर मात्र ०.३५ च राहील. सूत्रात वस्तुमान नाही ते यामुळेच.

रुंद टायरबद्दलही असेच विचारले जाते. टायर रुंद झाला तर त्याच वजनाचा दाब अधिक जागेवर पसरतो, दर चौरस सेंटिमीटरला कमी पकड मिळते, पण चौरस सेंटिमीटर वाढलेले असतात, त्यामुळे एकूण हिशेब जवळपास तिथेच येतो. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रेंच अभियंता गिलोम आमोंतों याने १६९९ मध्येच मांडले होते. रबर हा नियम काटेकोरपणे पाळत नाही, आणि धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत रुंद टायरचे इतर फायदे असतात. परंतु उभ्या गाडीसाठी टायरची रुंदी हा निर्णायक मुद्दा नाही. त्याची झीज आणि रस्त्यावरचा ओलावा मात्र नक्कीच आहे.

चारही चाके जाम असतात, हे कोणी सांगितले?

सूत्राचे गृहीतक ते हेच. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात ‘चाके जाम असलेली गाडी’ असे लिहिलेले असते आणि विद्यार्थी चारही चाके धरून गणित सोडवतो. प्रत्यक्षात पायाचा ब्रेक चारही चाकांना लागतो, पण हँडब्रेक बहुतेक मोटारींमध्ये फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. बटणाने लागणारे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकही बहुधा मागच्याच चाकांवर काम करतात. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर पुढची चाके मोकळी असतात. त्यांच्यावर गाडीचे कितीही वजन पडले, तरी ते पकडीच्या दृष्टीने वाया जाते.

आणि पुढच्या चाकांवरच वजन अधिक असते. इंजिन पुढे असलेल्या रिकाम्या मोटारीत सपाट जागेवर साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर आणि ४० टक्के मागच्यांवर असतो. म्हणजे हँडब्रेकच्या वाट्याला सुरुवातीलाच निम्म्याहून कमी वजन येते.

उतारावर हा वाटा आणखी बदलतो. गाडीचे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात आणि तो रस्त्यापासून काही उंचीवर असतो. डोक्यावर हंडा घेऊन उतारावर उभी असलेली बाई ज्याप्रमाणे खालच्या पायावर अधिक भार पेलते, त्याचप्रमाणे गाडीचा भारही खालच्या बाजूच्या चाकांकडे सरकतो. गाडीचे तोंड वर असेल तर खालची चाके म्हणजे मागची, ज्यांना ब्रेक लागलेला आहे. तोंड खाली असेल तर भार पुढच्या मोकळ्या चाकांकडे जातो.

हा फरक किती मोठा असतो, ते आपल्या गाडीवर पाहू. पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २.४५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर धरू, कारण छोट्या मोटारीला हे आकडे शोभतात. गाडी बाल्डविन स्ट्रीटवर तोंड वर करून उभी केली, तर हिशेबाने मागच्या चाकांवर सुमारे ४५२ किलोंचा दाब येतो. त्याला ०.८ ने गुणले की ३६१ किलोंची पकड मिळते. ओढ ३३० किलोंची असल्याने गाडी थोड्या फरकाने उभी राहते. तीच गाडी त्याच जागी तोंड खाली करून लावली, तर मागच्या चाकांवर फक्त सुमारे ३०४ किलो उरतात आणि पकड २४३ किलोंवर येते. ओढ मात्र तितकीच, ३३० किलोंची. मागची दोन्ही चाके जाम असतानाही गाडी फरपटत खाली जाईल. गाडी तीच आहे, ब्रेक तोच आहे, रस्ताही तोच आहे. फक्त तोंड फिरले आहे.

या गाडीची सुक्या काँक्रीटवरील सीमा थोडक्यात अशी येते: चारही चाके जाम असताना ८० टक्के, केवळ हँडब्रेकवर तोंड वर असताना ३९ टक्के आणि तोंड खाली असताना २७ टक्के. ज्यांना सूत्र हवे त्यांच्यासाठी, μ घर्षणांक, L आसांमधील अंतर, a पुढच्या आसापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर (येथे ०.९८ मीटर) आणि h त्याची उंची मानल्यास:

तोंड वर: tan θ = μa / (L − μh)
तोंड खाली: tan θ = μa / (L + μh)

मला या दोन ओळींतील छेदाचे चिन्ह फार बोलके वाटते, कारण उणेच्या जागी अधिक आले की सुरक्षित उताराचा जवळपास तिसरा हिस्सा निघून जातो. मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान असेल तर मागचा भार वाढतो, a वाढते आणि परिस्थिती सुधारते. म्हणजे एकूण वजनाला महत्त्व नाही हे खरे असले, तरी ते कुठे ठेवले आहे याला हँडब्रेकच्या बाबतीत महत्त्व आहे.

बर्फावरील त्या गाडीचे काय झाले

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येता येईल. गुळगुळीत बर्फावर टायरचा घर्षणांक ०.१ च्या आसपास, आणि बर्फ वितळू लागला असेल तर त्याहूनही कमी असतो. रस्त्याचा उतार साधा ७ टक्के धरू. १,००० किलोच्या गाडीवर ओढ ७० किलोंची. चालक पायाचा ब्रेक दाबून बसलेला असताना चारही चाके जाम असतात आणि पकड जवळपास १०० किलोंची मिळते, म्हणून गाडी उभी असते. गाडी थांबली याची खात्री पटल्यावर तो हँडब्रेक ओढतो, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवतो आणि पाय उचलतो. त्या क्षणी पुढची चाके मोकळी होतात. तोंड खाली असेल तर मागच्या चाकांवर सुमारे ३८३ किलो असतात आणि त्यांची पकड फक्त ३८ किलोंची. तोंड वर असते तरी ती ४१–४२ किलोंच्या पुढे गेली नसती. ७० किलोंची ओढ जिंकते. चालकाने आपल्या डोळ्यांनी गाडी थांबलेली पाहिली होती, पण जी व्यवस्था तिला थांबवून धरत होती तीच त्याने उतरताना काढून घेतली.

एकदा घसरण सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही, यालाही कारण आहे. सरकणाऱ्या पृष्ठांमधील घर्षण हे स्थिर असतानाच्या कमाल घर्षणापेक्षा बहुधा कमी असते. त्यामुळे सुटण्याच्या सीमेवर उभ्या असलेल्या गाडीला दार आपटल्याचा धक्काही पुरतो, आणि सुटल्यावर तिला रोखण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक पकड लागते.

मग आपल्या घाटात गाड्या का सुटतात?

सह्याद्रीतल्या घाटांत बर्फ नसतो. पावसात भिजलेल्या डांबरावर घर्षणांक ०.५ धरला, तर आपल्या गाडीची सीमा केवळ हँडब्रेकवर, तोंड खाली असतानाही १८ टक्के येते. घाटाचा चढ त्याच्या निम्म्याहून कमी असतो. अपवाद शेवाळलेल्या फरशांचा किंवा चिखलाच्या वाटांचा, जिथे हा आकडा खूप खाली जातो. पण चांगल्या डांबरी रस्त्यावर उभी केलेली गाडी घाटात सुटली, तर घर्षणाला दोष देण्यापूर्वी दुसरी शक्यता तपासली पाहिजे: चाके घसरली नसतील, फिरली असतील.

हे दोन अपघात दिसायला सारखे असले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. tan θ = μ हे सूत्र फक्त घसरण्याबद्दल बोलते. ब्रेकच चाकाला धरू शकला नाही तर गाडी घसरत नाही, घरंगळते, आणि तिथे टायरच्या पकडीचा काहीही संबंध उरत नाही. रस्त्यावरच्या खुणांवरून फरक ओळखता येतो. जाम चाक फरपटले तर सुक्या रस्त्यावर रबराचा काळा पट्टा आणि टायरवर एकाच जागी घासल्याची खूण राहते, तर घरंगळलेली गाडी अशी कोणतीही खूण मागे ठेवत नाही.

घरंगळण्याचे एक कारण घाट उतरून आलेल्या चालकांनी समजून घ्यावे असे आहे. लांब उतारावर ब्रेक वापरून डिस्क आणि पॅड तापतात व प्रसरण पावतात. त्या अवस्थेत हँडब्रेक ओढला की घट्ट बसल्यासारखा वाटतो. पुढच्या अर्ध्या तासात भाग थंड होऊन आकसतात, हँडब्रेक मात्र त्याच खाचेवर राहतो, त्यामुळे केबलचा ताण कमी होतो आणि पॅडची डिस्कवरची पकड ढिली पडते. माणसे चहा प्यायला गेलेली असताना गाडी निघते, ती अशी. तापलेल्या ब्रेकनिशी गाडी लावायची असेल तर हँडब्रेक आणखी एकदोन खाचा ओढावा आणि काही वेळाने पुन्हा तपासावा. ब्रेकची ही धारणक्षमता नवीन गाड्यांमध्ये तपासली जाते. युरोपीय आणि अमेरिकी नियमांनुसार मोटारीच्या पार्किंग ब्रेकने २० टक्के उतारावर, दोन्ही दिशांना, भरलेली गाडी धरून ठेवावी लागते. केबल सैल झालेल्या जुन्या गाडीकडून मात्र ही अपेक्षा करता येत नाही.

गिअर, कठडा आणि दगड

हँडब्रेकसोबत गाडी गिअरमध्ये ठेवावी, हा सल्ला यामुळेच दुहेरी उपयोगाचा आहे. ज्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारी तशा आहेत, त्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकल्यावर पुढची चाकेही इंजिनाला बांधली जातात. घसरण्याच्या हिशेबात वाया जाणारा ६० टक्के भार त्यामुळे कामाला लागतो. तसेच हँडब्रेक ढिला पडला तर घरंगळणेही रोखले जाते. मात्र इंजिनाचा विरोध म्हणजे कुलूप नव्हे. तो मर्यादित असतो, आणि पुढच्या दोन चाकांपैकी एक बर्फावर किंवा चिखलात असेल तर दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते उलटे फिरू शकते व दुसऱ्याची पकडही निघून जाते.

पुढची चाके वळवून ठेवण्याचा नियम सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ३ टक्क्यांहून अधिक उतारावर बंधनकारक आहे. गाडी सुटलीच तर चाक पदपथाच्या कडेला अडावे, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे डाव्या कडेला गाडी लावताना तोंड उताराकडे असेल तर चाके डावीकडे आणि तोंड चढाकडे असेल तर उजवीकडे वळवावीत, म्हणजे मागे आलेली गाडी कडेच्या दगडाला टेकते. घाटात जिथे अशी कड नसते, तिथे हा नियम डोळे झाकून पाळू नये. गाडी डोंगराच्या बाजूला लावून, सुटल्यास ती डोंगरात जाऊन थांबेल अशा बेताने चाके ठेवावीत, दरीच्या बाजूला कधीही नव्हे.

ट्रकचा क्लीनर चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावतो, तो उपाय घरंगळण्यावर उत्तम आहे, कारण चाकाला दगडावर चढायला बराच जोर लागतो. बर्फावर मात्र दगडालाही चाकाइतकीच निसरडी जमीन मिळालेली असते आणि तो गाडीसोबत सरकत जातो. तिथे टायरखाली वाळू किंवा माती टाकून घर्षणांकच वाढवावा लागतो, आणि तो पुरेसा वाढला की नाही हे कळेपर्यंत चालकाने पाय ब्रेकवरून काढू नये.